फॅमिली पेन्शनची वसुली: तक्रार पोर्टलनंतर लोकपाल, मग कॅट

आईच्या फॅमिली पेन्शनमधून बँकेने अचानक वसुली सुरू केली, तेव्हा सरकारच्या तक्रार पोर्टलवरच्या तक्रारीला 'बँकेने नियमानुसार कार्यवाही केली आहे' एवढं एका ओळीचं उत्तर मिळालं आणि तक्रार बंद झाली. अपील केलं, तिथेही तेच. इंदूरमध्ये केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेली मराठी घरं बरीच आहेत आणि हा प्रश्न त्यातल्या कुणालाही येऊ शकतो, म्हणून पुढची वाट तपशिलाने लिहितो.

आधी हिशेब. बाबांचा जन्म 10 एप्रिल 1956, निवृत्ती 30 एप्रिल 2016, शेवटचं मूळ वेतन 60,400. ते 18 मे 2018 ला गेले. पेन्शनर गेल्यावर कुटुंबाला आधी वाढीव दराने, म्हणजे वेतनाच्या निम्मं, पेन्शन मिळतं आणि नंतर 30 टक्के. वाढीव दर मृत्यूनंतर सात वर्षं किंवा गेलेली व्यक्ती 67 वर्षांची झाली असती त्या दिवसापर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो. आमच्या बाबतीत 67 वर्षं एप्रिल 2023 मध्ये भरत होती. बँकेच्या यंत्रणेने मात्र सरळ सात वर्षं मोजली आणि मे 2025 पर्यंत 18,120 ऐवजी 30,200 देत राहिली. दरमहा 12,080 चा फरक. सुमारे पंचवीस महिन्यांचे झाले 3 लाख 2 हजार आणि महागाई भत्ता धरून साडेचार लाखांच्या आसपास. बँकेने खात्यावर होल्ड लावला आणि दरमहा पेन्शनचा तिसरा हिस्सा कापायला सुरुवात केली. नोटीस नाही, हिशेबाचा तक्ता नाही.

इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. दर कमी होणं बरोबरच होतं. त्यावर भांडत बसलो असतो तर सगळी केस कमकुवत झाली असती. वाद फक्त जुन्या पैशाच्या वसुलीचा. आणि त्यात आमच्या हातातला सगळ्यात भक्कम कागद पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेशच होता: वाढीव दर कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यावर छापलेलं असतं. म्हणजे तारीख बँकेच्याच दप्तरात होती. आईने काही लपवलं नव्हतं.

बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागितल्या: किती देय होतं आणि किती दिलं याचा महिन्यागणिक ड्यू-ड्रॉन तक्ता, वसुलीचा आदेश कुणाचा, आणि पेन्शन सुरू होताना आईने सही केलेल्या हमीपत्राची प्रत. तिसऱ्या कागदात खरी मेख आहे. 'जास्त रक्कम आल्यास परत करीन' असं त्यात असतं आणि बँकेचा वकील पहिल्यांदा तेच पुढे करतो. रफीक मसीह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तांकडून वसुली करायला मनाई केली, पण 2016 च्या जगदेव सिंग निकालात हमीपत्र दिलं असेल तर वसुली होऊ शकते असं म्हटलं. या दुसऱ्या निकालाला उत्तर तयार न ठेवता नुसता पहिला निकाल हातात घेऊन जाणारे फसतात.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. बँकेच्या उत्तरानंतर एका वर्षाच्या आत, cms.rbi.org.in वर, फी न भरता. वकिलामार्फत तक्रार चालत नाही, पण आईचं अधिकारपत्र जोडून मुलगा करू शकतो. 2021 च्या योजनेप्रमाणे लोकपाल नुकसानीपोटी 20 लाखांपर्यंत आणि मनस्ताप-खर्चापोटी 1 लाखापर्यंत देववू शकतो. पेन्शन उशिरा जमा झालं असेल तर वर्षाला 8 टक्क्यांनी भरपाई बँकेने मागितल्याशिवायच द्यायची असते. तीही इथे मागता येते. निवाडा हाती आला की 30 दिवसांत लेखी स्वीकृती पाठवावी लागते, नाहीतर तो रद्द होतो.

पण लोकपाल बँकेच्या सेवेतली चूक बघतो, पेन्शनचा हक्क ठरवत नाही. आमच्याकडे त्याने समेट घडवला: होल्ड उठला, नोटिशीशिवाय कापलेले पैसे परत आले. वसुली मुळात करता येते का, यावर मात्र 'हा खात्याचा विषय' असं सांगून थांबला. हेच प्रकरण न्यायाधिकरणात चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही, म्हणून आधी लोकपाल आणि मग कॅट हाच क्रम ठेवावा.

त्यानंतर बँकेने रीतसर नोटीस काढली आणि खात्याच्या लेखा कार्यालयाने तिला दुजोरा दिला. आता ठोस आदेश हातात आला, म्हणून केंद्रीय प्रशासनिक न्यायाधिकरण, म्हणजे कॅट. निवृत्तांना राहत्या ठिकाणच्या खंडपीठात अर्ज करता येतो. आपल्याला जबलपूर, ज्याची फिरती बैठक इंदूर आणि ग्वाल्हेरलाही होते. फी 50 रुपये. खातं आणि बँक दोघांनाही प्रतिवादी करायचं. मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष. निवेदन देऊन सहा महिने उत्तर नसेल, तर त्या सहा महिन्यांनंतर एक वर्ष. पोर्टलवर पुन्हा पुन्हा तक्रार टाकल्याने ही मुदत वाढत नाही, आणि बरेच जण इथेच वेळ घालवतात. उशीर झालाच तर कारण देऊन माफीचा अर्ज वेगळा जोडावा.

अर्जात आम्ही मुख्य जोर केंद्रीय पेन्शन नियम 2021 च्या नियम 66 वर दिला. मंजूर पेन्शन पेन्शनरच्या नुकसानाचं होईल असं बदलायचं तर फक्त कारकुनी चुकीसाठी, ती दोन वर्षांनी सापडली तर पेन्शन विभागाची संमती लागते, आणि परतफेडीसाठी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. खात्याचा बचाव असा की पीपीओ बदललेलाच नाही, फक्त बँकेने चुकीचा दर दिला. मुद्दा अगदीच फोल नाही. म्हणून जोडीला रिझर्व्ह बँकेची सूचना लावली: बँकेच्या चुकीने जास्त पेन्शन गेलं, तर बँकेने ते पेन्शनरकडून वसूल होवो न होवो, सरकारला एकरकमी भरायचं. म्हणजे सरकारचं नुकसान भरून निघतं आणि भांडण बँक आणि आई यांच्यात उरतं.

अंतरिम दिलासा अर्जातच मागावा. कॅटने पुढच्या आदेशापर्यंत वसुली थांबवली. मूळ अर्जावर सुनावणी चालू आहे. कॅट वसुली रद्द करू शकतं, कापलेली रक्कम व्याजासह परत करायला लावू शकतं, सुधारित पीपीओ काढायला सांगू शकतं. थकबाकी मागायची केस असेल तर ती साधारण अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, हे तरसेम सिंग निकालापासून ठरलेलं आहे. कॅटच्या निर्णयावर उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाकडे जाता येतं.

राज्य सरकारच्या पेन्शनरांसाठी मध्य प्रदेशातलं न्यायाधिकरण कधीच बंद झालं, त्यामुळे त्यांना थेट एम. जी. रोडवरच्या इंदूर खंडपीठात रिट याचिका करावी लागते. आणि कॅटचा अंतिम आदेश येऊनही पैसे आले नाहीत, तर अवमान अर्ज कॅटमध्येच करता येतो, तोही एका वर्षाच्या आत. वर्ष उलटलं की अवमानाचा रस्ता बंद होतो.