पाचचा एस झाला की

"एवढ्या मोठ्या मॅन्युअलमध्ये हवी ती ओळ तुम्हाला इतक्या पटकन सापडते कशी? आणि आम्ही तेच पान वाचलं तर काही कळत नाही, ते तुम्ही फोनवर सोपं करून कसं सांगता?"

पटकन सापडते हा गैरसमज आहे. मावशीच्या वॉशिंग मशीनचंच सांगतो, कारण त्यात मी चुकायचा जवळजवळ सगळा कोटा पूर्ण केला.

मशीन फ्रंट लोड, म्हणजे पुढून दार असलेलं. सात मिनिटं उरलेली असताना ते थांबलं. आत कपडे, कपड्यांवर पाणी, दार उघडेना. मावशी फोनवर म्हणाली, "एस ई असं काहीतरी लुकलुकतंय." मी पीडीएफ उघडून Ctrl+F दाबलं आणि SE टाकलं. चारशेच्या वर जागा सापडल्या, कारण use, rinse, hose, close या सगळ्यांत ती दोन अक्षरं आहेत आणि कपडे धुण्याच्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये दुसरं असणार तरी काय!

मग डोक्यात प्रकाश पडला. मशीनवरचे आकडे सात छोट्या रेघांनी बनलेले असतात आणि त्या रेघांमध्ये पाच आणि एस यांचा आकार अगदी एकच होतो. शून्य आणि ओ यांचंही तेच, आठ आणि बी यांचंही. 5E टाकलं आणि एकच जागा सापडली. त्यामुळे आता कुणी कोड सांगितला की त्यात आकडा कुठला आणि अक्षर कुठलं असू शकेल हे मी आधी कागदावर लिहितो आणि दोन्ही प्रकार शोधतो.

कधीकधी शोधून शून्य उत्तर येतं आणि शब्द मात्र डोळ्यांसमोर दिसत असतो. अशा वेळी पानावरचा एखादा शब्द निवडून बघा. निवडलाच जात नसेल तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे, त्यात शोध चालणार नाही. सरळ अनुक्रमणिकेकडे जायचं. तिथे छापलेला पान क्रमांक आणि पीडीएफचा क्रमांक यांत पुष्कळदा एक-दोन पानांचा फरक असतो, कारण मुखपृष्ठ मोजलेलं नसतं.

सापडलेल्या ओळीत लिहिलं होतं: पाणी बाहेर जात नाही, पाण्याची नळी तपासा, फिल्टर साफ करा, पान अमुक पाहा. लोक इथेच थांबतात. पण ही ओळ म्हणजे फक्त पाटी आहे, रस्ता पुढे आहे. कृती देखभालीच्या प्रकरणात असते, धोक्याची सूचना पहिल्या काही पानांवर असते आणि तक्त्याची शेवटची ओळ पुष्कळदा पान उलटून पलीकडे गेलेली असते. हे तीन तुकडे मी एका कागदावर एकत्र आणतो. धोक्याची सूचना सगळ्यात वर लिहितो, कारण मॅन्युअलमध्ये ती कृतीपासून इतकी लांब असते की हात पाण्यात गेल्यावरच आठवते.

आता मोठी चूक. देखभालीच्या प्रकरणात मी filter शोधलं, पहिली जागा उघडली आणि मावशीला वाचून दाखवलं. "मशीनच्या मागे जा, पाण्याची नळी फिरवून काढ, आत बारीक जाळी दिसेल." मावशी म्हणाली, "अरे, पण ही नळी तर नळाला जोडलीये. पाणी आत येतं तिच्यातून. आपलं तर बाहेर जात नाहीये ना?" बरोबर होतं तिचं. अशा मशीनला दोन फिल्टर असतात. मागची जाळी येणाऱ्या पाण्यातला गाळ अडवते. पुढे खाली असतो तो पंपाचा फिल्टर, आणि तो जाणाऱ्या पाण्यातला कचरा अडवतो. मी भलत्याच बिघाडाचा बरोबर उपाय वाचत होतो. नळ चालू ठेवून ती नळी काढली असती तर घरात कारंजं उडालं असतं. तेव्हापासून सापडलेल्या पानाला मी एकच प्रश्न विचारतो: समोर जे दिसतंय, ते हे पान समजावतंय का?

दुसऱ्यांदा सांगताना मी फिल्टर हा शब्दच वापरला नाही. एका वाक्यात एक काम, आणि ते झाल्यावर काय दिसेल, एवढंच.

"प्लग काढ. कपडे गरम पाण्यात लावले होतेस? मग पाणी निवेपर्यंत थांब, दाराच्या काचेला हात लावून बघ. आता मशीनच्या पुढे अगदी खाली छोटं झाकण आहे, ते उघड. आत बोटाएवढी बारीक नळी दिसेल आणि तिच्या बाजूला मोठं गोल बूच. बुचाला अजून हात लावू नकोस. नळी पुढे ओढ, खाली पसरट ताट ठेव, नळीच्या टोकाची टोपी काढ. पाणी येईल. ताट भरलं की टोपी लाव, ताट ओत, परत तेच."

ताट बारा-तेरा वेळा भरलं. मॅन्युअलमध्ये याला एकच वाक्य होतं, "उरलेलं पाणी काढून टाका." म्हणून एवढा वेळ लागणार हे मी आधीच सांगतो, नाहीतर तिसऱ्या ताटाला माणूस कंटाळून बूच उघडतो आणि उरलेलं सगळं पाणी एकदम फरशीवर येतं. काही मशीनना ही बारीक नळी नसते. तिथे बूच अगदी थोडं सैल करून पाणी हळूहळू काढावं लागतं.

पाणी थांबल्यावर बूच डावीकडे फिरवून काढलं. त्याला एक बाळाचा मोजा आणि शर्टाचं बटण अडकलेलं. पण तेवढ्यावर थांबायचं नसतं. टॉर्च लावून त्या भोकात बघितलं की आत छोटी पंख्यासारखी फिरकी दिसते. ती बोटाने फिरवून बघायची. मावशी घाबरली, "सरळ फिरत नाही, झटके देत फिरतेय." पंपात चुंबक असल्यामुळे ती तशीच फिरते, आणि ही गोष्ट त्या मॅन्युअलमध्ये मला तरी कुठे मिळाली नाही. तिच्यावर दोरा गुंडाळला होता, तो काढला. बूच घट्ट लावलं, टोपी लावली, आणि फक्त पिळायचा प्रोग्रॅम सुरू केला.

आता कान द्यायचा. पंप गुणगुणतोय आणि पाणीही जातंय, तर काम झालं. गुणगुणतोय पण पाणी जात नाही, तर बहुधा मागची बाहेर जाणारी नळी दुमडली किंवा तुंबली आहे. आवाजच नाही, तर बिघाड बहुधा पंपात किंवा त्याच्या विजेच्या जोडणीत असणार. तिथे माझं काम संपतं, मशीन उघडायला मी कुणालाच सांगत नाही. मेकॅनिकला मात्र नुसतं "बंद पडलंय" म्हणू नका. कोड, दाराच्या कडेवरच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, आणि फिल्टर साफ असूनही पंपाचा आवाज येत नाही, एवढं सांगा, म्हणजे तो पंप बरोबर घेऊन येईल.

मावशीचा पंप गुणगुणला आणि पाणी गेलं. अर्ध्या तासाने परत फोन. खाली थेंब थेंब ओल येतेय. बूच आट्यांवर तिरकं बसलं होतं.