कंसात नाव की डोक्यावर आकडा?

“मी समाजशास्त्रात एम.ए. करतेय. आमच्या मॅडम कंसात नाव आणि वर्ष लिहायला लावतात. भाऊ मेडिकलला आहे, तो नुसते आकडे टाकतो. मग बरोबर कोण?”

दोघंही. पण त्यामागचं कारण आवडीनिवडीचं नाही.

तुमच्याच विषयातलं घ्या. जातीवरच्या एखाद्या परिच्छेदात आधी (घुर्ये, १९३२) येतं आणि दोन ओळींनी (श्रीनिवास, १९५२). जाणकार वाचकाला संदर्भसूची उघडावी लागत नाही. श्रीनिवास हे घुर्यांचे विद्यार्थी, वीस वर्षांनी ‘संस्कृतीकरण’ ही कल्पना घेऊन आले, हे त्या दोन कंसांतच त्याला दिसतं. त्या जागी [१४] आणि [९] टाकून बघा. वाक्य तेच राहील, पण कोण आधी आणि कोण कुणाला उत्तर देतंय हे पुसलं जाईल. समाजशास्त्रात कोण म्हणालं आणि कधी म्हणालं, हा युक्तिवादाचाच भाग असतो.

आता तुमच्या भावाचं वाक्य: ‘या औषधाने रक्तदाब कमी होतो.’ त्याला आधार नऊ चाचण्यांचा, आणि एकेका चाचणीचे लेखक डझनभर. नावं-वर्षं घातली तर मधेच तीन-चार ओळींचा कंस उभा राहतो आणि वाचणारा डॉक्टर वाक्य कुठे सुरू झालं तेच विसरतो. [३–११] लिहिलं की काम झालं. त्या सगळ्या लेखकांची नावं त्याला तिथे नकोच असतात, नऊ चाचण्या आहेत एवढं पुरतं. १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले आणि हस्तलिखितांचे नियम एकसारखे केले. म्हणून आकड्यांच्या या पद्धतीला व्हँकुव्हर म्हणतात.

‘विज्ञान म्हणजे आकडे’ असं मात्र समजू नका. कंसात नाव-वर्ष लिहिण्याची सुरुवात एका प्राणिशास्त्रज्ञाने केली असं मानतात: हार्वर्डचे एडवर्ड मार्क, १८८१, विषय बिनशंखी गोगलगायीची अंडी. प्राणिशास्त्रात हे शोभतंच. तिथे एखाद्या जातीला आधी नाव कुणी दिलं यावर नाव टिकतं, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा लेखही जिवंत असतो. भूशास्त्र, परिसरशास्त्र, खगोलशास्त्र यांतही नाव-वर्षच जास्त दिसतं.

आकड्यांची खरी खोड वेगळीच आहे: चूक झाली तर ती बोलत नाही. मी शोधनिबंध तपासून देते. एका विद्यार्थ्याच्या लेखात अडतीस संदर्भ होते, क्रमांक सगळे हाताने घातलेले. परीक्षकाने प्रस्तावनेत एक संदर्भ वाढवायला सांगितला. तो पाचवा झाला, म्हणजे पुढचे सगळे एकेकाने सरकले. त्याने मजकुरातले आकडे नीट बदलले, पण तक्ता राहून गेला. तक्त्यात लहान मुलांच्या डोसपुढे २१ तसाच. आता २१ म्हणजे आधीचा २०, आणि तो होता उंदरांवरच्या प्रयोगाचा. छापून गेलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं, कारण २१ हा आकडा बघून काहीच कळत नाही. तिथे नाव असतं तर तो स्वतःच दचकला असता.

असा घोळ पकडायचा साधा उपाय आहे. मजकुरात प्रत्येक संदर्भ पहिल्यांदा येतो तेव्हा आकडे ओळीने चढत गेले पाहिजेत. अकरानंतर एकदम चौदा आला आणि बारा पुढच्या पानावर सापडला, तर मधे कुणीतरी हात घातलाय. तक्त्याचे आकडे मात्र तक्त्याचा उल्लेख मजकुरात जिथे पहिल्यांदा येतो त्या जागेनुसार धरायचे. हे बहुतेक जण विसरतात.

नाव-वर्षालाही खोड आहे. घुर्यांच्या पुस्तकाची समजा २०१६ची आवृत्ती वापरली आणि (घुर्ये, २०१६) लिहिलं, तर १९८३ साली गेलेले गृहस्थ बोलायला लागतात. (घुर्ये, १९३२/२०१६) लिहा. इतिहासवाल्यांचं तर यात भागतच नाही. पेशवे दफ्तरातल्या रुमालातल्या कागदाला लेखक कोण लावणार? म्हणून ते तळटीप सोडत नाहीत, आणि बरोबरच करतात.

भावाला सांगा, शेवटच्या मसुद्यापर्यंत कंसात नावंच ठेव. झोटेरोसारखं सॉफ्टवेअर वापरत असशील तर आकडे एका क्लिकवर होतील. पण तक्त्यात हाताने टाइप केलेला २१ त्यालाही दिसत नाही, तिथे पेन्सिल घेऊनच बसावं लागतं.