पंधरा गुंठे म्हणत होतो तो त्रिकोण

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या शेतात एक तिकोनी तुकडा आहे. तीन बांधांच्या मधला. घरात लहानपणापासून ऐकत आलो की तो पंधरा गुंठ्यांचा. यंदा चुलत भावाशी, म्हणजे दादांशी, अदलाबदलीचं बोलणं निघालं. माझा तिकोनी तुकडा त्यांनी घ्यायचा आणि विहिरीकडच्या त्यांच्या चौकोनी पट्टीतून तेवढंच रान मला द्यायचं. सरकारी मोजणी पुढे करायचीच होती, पण त्याआधी घरातल्या घरात बोलणं पक्कं व्हायला दोघांनाही आकडा माहीत हवा. मी म्हटलं, "दादा, आपण स्वतः फीता धरून बघू."

पहिली अडचण लगेच आली. वडाच्या कोपऱ्यातून दोन बांध निघतात, ते दोन्ही साफ आहेत. तिसरा बांध मात्र घायपात आणि बोरीच्या काट्यांनी असा भरलाय की त्यावरून फीता सरळ जाणं शक्य नाही. तिन्ही बाजू मिळाल्या असत्या तर एखाद्या जुन्या सूत्राने काम झालं असतं. आमच्या हातात दोनच बाजू होत्या.

त्या दोन नीट मोजल्या. फीता तीस मीटरचा, म्हणून आधी बांधाच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून सुतळी ताणली आणि सुतळीच्या कडेकडेने टप्प्याटप्प्याने फीता नेला. सुतळी नसली की दुसऱ्या टप्प्यात माणूस हातभर बाजूला सरकतो आणि लांबी वाढून येते. वडापासून चिंचेपर्यंत ६२.४ मीटर, वडापासून जुन्या दगडापर्यंत ४८.५ मीटर. रान सपाट आहे म्हणून ठीक. उतार असता तर फीता जमिनीवर न टाकता आडवा, समपातळीत धरावा लागला असता, कारण क्षेत्र आडव्या मापावर धरतात.

दादांनी तिथेच मोबाइलवर ६२.४ गुणिले ४८.५ केलं आणि निम्मं घेतलं. १५१३ चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. भागाकार आला १४.९६. "बघ, पंधरा गुंठेच," ते म्हणाले. मीही खूश झालो. पण बारावी सायन्सला असलेली पुतणी फीत्याचं दुसरं टोक धरून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, हे वडापाशी काटकोन असेल तरच खरं. इथे कोपरा फाकलेला दिसतोय."

तिने मातीत काडीने काढून दाखवलं. त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे निम्मा पाया गुणिले उंची, हे सगळ्यांना ठाऊक. पाया आपला चिंचेकडचा बांध, ६२.४. उंची म्हणजे दगडापासून त्या बांधाच्या रेषेवर सरळ, काटकोनात उतरलेलं अंतर. दगडाकडचा बांध ४८.५ मीटर आहे, पण तो तिरका निघालाय, म्हणून उंची त्याहून कमी भरणार. किती कमी, ते वडापाशीच्या कोनाचं साइन सांगतं. ४८.५ ला त्या साइनने गुणलं की उंची मिळते. म्हणून सूत्र असं होतं:

क्षेत्रफळ = ½ × a × b × sin C

a आणि b या दोन बाजू, C त्या दोघींमधला कोन. काटकोनात साइन बरोबर एक येतं, म्हणून दादांचा हिशेब फक्त तेव्हा जुळतो. इतर कुठल्याही कोनाला साइन एकाहून कमी. घरातले पंधरा गुंठे कुठून आले असतील हे मला तेव्हा कळलं: कुणीतरी असेच दोन बांध मोजून निम्मा गुणाकार केला असणार.

मग कोन मोजायचा. आमच्याकडे थिओडोलाइट नाही, कंपासपेटीतला कोनमापक साठ मीटरच्या बांधाला काय पुरणार? चिंचेखाली सावली होती, तेव्हा दादा म्हणाले, "कोन तिथेच बसून मोजू की." पुतणीने लगेच थांबवलं. दोन मोजलेल्या बाजू जिथे भेटतात तिथलाच कोन लागतो, म्हणजे वडाचाच. नंतर मी आकडेमोड करून पाहिली: चिंचेचा कोन सुमारे २७ अंशांचा भरतो, आणि तो चुकून घातला असता तर क्षेत्र ६९५ चौरस मीटर आलं असतं, जवळजवळ निम्मं.

कोनाची युक्ती फीत्याचीच. वडाच्या खुंटीपासून दोन्ही बांधांवर सारखंच अंतर मोजून खुंट्या ठोकायच्या आणि त्या दोन खुंट्यांमधलं अंतर घ्यायचं. तयार होतो समद्विभुज त्रिकोण. त्याच्या मधोमध रेघ ओढली की दोन काटकोन त्रिकोण होतात, म्हणून निम्म्या कोनाचं साइन म्हणजे खुंट्यांमधल्या अंतराचा निम्मा भागिले आपण घेतलेलं अंतर. आम्ही आळसाने एकेक मीटरवर खुंट्या ठोकल्या. मधलं अंतर १.७२ आलं. त्यावरून कोन ११८.६ अंश आणि क्षेत्र १३२८.

मला ते पटेना. खुंटी अंगठ्याएवढी जाड, तिच्या कुठल्या कडेला फीता लावायचा? दीड-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे सहज होणार, आणि एका मीटरच्या मापात तेवढ्याने कोन दोन अंशांनी हलतो. शिवाय बांधाची दिशा एका मीटरवरून काय कळते, तो तिथे थोडा वळलेलाही असतो. मी म्हटलं, सुतळी आहेच, दहा मीटरवर जाऊ. दहा-दहा मीटरवर सुतळीच्या खाली खिळे ठोकले, खिळ्याच्या माथ्यापासून माथ्यापर्यंत फीता ताणला, तिघांनी तीनदा वाचला. १७.०० मीटर. आता सेंटिमीटरची चूक झाली तरी क्षेत्रात चौरस मीटरभरच फरक पडतो. दहा सेंटिमीटरची झाली तर सुमारे तेरा.

निम्मं ८.५, भागिले १०, म्हणजे ०.८५. पुतणीने कॅल्क्युलेटरवर sin⁻¹ दाबलं: ५८.२१ अंश. दुप्पट केलं, ११६.४२.

पुढचं मी माझ्या मोबाइलवर केलं आणि क्षेत्रफळ आलं उणे २७२. जमीन उणे कशी असेल! आम्ही दोघंही दचकलो, मग तिने स्क्रीनच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे RAD होतं. मोबाइल ११६.४२ ला अंश समजतच नव्हता, रेडियन समजत होता. DEG केलं आणि sin ११६.४२ आलं ०.८९५५. उणे आलं म्हणून चूक चटकन दिसली. दुसरा एखादा कोन असता तर साइन धन येऊन आकडा खरा वाटला असता आणि आम्ही तो लिहून ठेवला असता. तेव्हापासून मी आधी sin ३० दाबून बघतो. ०.५ आलं तरच पुढे जातो.

दादांना मात्र वेगळीच शंका होती. "काटकोनापेक्षा मोठ्या कोनाला साइन कसं? आम्ही शाळेत ते काटकोन त्रिकोणात शिकलो, त्यात एवढा कोन मावतच नाही." मलाही हे नीट सांगता येत नव्हतं. पुतणी म्हणाली, "उंची टाकून बघा ना, कुठे पडते ती." दगडापासून सरळ उतरलो तर चिंचेकडच्या बांधावर नाही, वडाच्या मागे, शेजारच्या मोकळ्या रानात पडते. तिथे वडापाशी उरलेला कोन १८० वजा ११६.४२, म्हणजे ६३.५८ अंश. काटकोन त्रिकोण त्या बाजूला होतो आणि त्यात ६३.५८ चं साइन ०.८९५५ च येतं. उंची तीच, म्हणून साइनही तेच धरतात. आपण कोन फाकलेला घातला काय किंवा बाहेरचा, उत्तर बदलत नाही.

शेजारचं रान कापणी होऊन रिकामं होतं, म्हणून मी म्हटलं, ही उंची फीत्याने मोजूनच बघू. चिंच ते वड ही सुतळी वडाच्या मागे तशीच सरळ पुढे नेली. हिशेबाप्रमाणे उंचीचा पाय वडापासून साडेएकवीस मीटरवर पडायला हवा होता. ३, ४, ५ मीटरच्या दोरीने तिथे काटकोन धरून दगडाकडे पाहिलं, थोडं पुढेमागे सरकावं लागलं, पण दगड समोर आला. अंतर ४३.२ मीटर. सूत्राने ४८.५ गुणिले ०.८९५५, म्हणजे ४३.४३. वीतभराचा फरक, आणि तेवढा दोरीच्या काटकोनात जातोच. दादा खाली बसले, खिशातली वही काढून स्वतः गुणाकार केला:

½ × ६२.४ × ४८.५ × ०.८९५५ = १३५५ चौरस मीटर

१०१.१७ ने भागून १३.३९ गुंठे. पंधरातून दीड गुंठ्याहून जास्त कमी.

आमचा कोपरा फाकलेला होता म्हणून एवढ्यावर निभावलं. कोन काटकोनाच्या जवळ असला की एखाद्या अंशाची चूक जवळजवळ दिसतच नाही: ९० ऐवजी ९१ घेतला तर साइन ०.९९९८ राहतं. पण रस्त्याकडेला निमुळती पाचर असते, १५ अंशांची, तिथे १६ वाचले तर क्षेत्र सहा-साडेसहा टक्के वाढून येतं. अशा पाचरीला मी या पद्धतीने जाणार नाही. तिथे दुसऱ्या कोपऱ्यातून मोजेन, जिथे कोन मोठा आहे.

कमी भरलेला तुकडा माझा होता, म्हणजे नुकसान माझंच. तरी त्या दिवशी माझ्या मनात काही राहिलं नाही, कारण आकडा दादांनी स्वतःच्या वहीत स्वतः काढला होता आणि उंचीचा फीता मी स्वतः धरला होता. विहिरीकडची त्यांची पट्टी २७ मीटर रुंद आहे. पंधरा गुंठे धरून ५६ मीटरवर खुंटी ठोकायची ठरली होती. आम्ही १३५५ ला २७ ने भागलं आणि ५०.२ मीटरवर ठोकली. पुतणीने तिच्यावर चुना टाकला.