स्वतःशी अभ्यासाचा करार

रविवार, रात्र

नोकरी सांभाळून एमपीएससीच्या गट क पूर्व परीक्षेची तयारी. कराराचं पान आज पक्कं करायचंय. मुदत चार आठवडे, त्यातही फक्त अंकगणित-बुद्धिमत्ता.

पहिलं कलम रोजच्या किमान अभ्यासाचं. 'रोज दोन तास' असं लिहिलं की करार पहिल्याच आठवड्यात मोडतो, कारण असा आकडा रविवारच्या उत्साहात ठरतो आणि पाळायचा असतो मंगळवारी. दुसरी पाळी संपवून रात्री साडेअकराला घरी आल्यावर जेवढं जमेल, तेवढंच किमान. म्हणून दहा प्रश्न. पेपरात शंभर प्रश्नांना एक तास, म्हणजे प्रश्नाला 36 सेकंद. दहांना सहा मिनिटं. घड्याळ लावून सोडवायचे, उत्तरं ताडायची, चुकलेला प्रश्न पुन्हा मांडून शेजारी कारण लिहायचं: 'शेकडा नफा विक्रीवर काढला, खरेदीवर हवा होता'. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. व्हिडिओ पाहिला तर तो यात धरायचा नाही. जास्त झालं तर उत्तमच, पण ते उद्याच्या खात्यात जमा होत नाही.

खाडा झाला तर? बाकी पुढे ओढायची नाही. आजचे दहा राहिले म्हणून उद्या वीस, मग तीस, आणि चौथ्या दिवशी वहीकडे बघवतसुद्धा नाही. बुडालेला दिवस बुडाला. उद्या पुन्हा दहाच. मात्र सलग दोन खाडे नाहीत. चार आठवड्यांत तीन रजा, पण त्या दिवशी दुपारी बाराच्या आत वहीत लिहिलेल्या. रात्री आठवलेली रजा हा खाडाच. ताप, घरातलं दुखणं असेल तर करार थांबतो आणि मुदत तेवढे दिवस पुढे सरकते.

दंडाचं कलम सगळ्यात फसवं. जादा प्रश्नांची शिक्षा नको, अभ्यासच शिक्षा वाटायला लागतो. पाचशे रुपयेही नकोत. इतका दंड लागला की माणूस वहीत खोटी टिक मारतो. खाड्याला वीस रुपये, त्याच रात्री ताईकडे, परत न मागण्याच्या बोलीवर. स्वतःच्या डब्यात टाकलेले वीस रुपये म्हणजे बचत! सलग दुसरा खाडा झाला, तर पुढचे दहा प्रश्न होईपर्यंत रील बंद.

एका आठवड्यात तीन दंड बसले तर दंड वाढवायचा नाही, किमान दहावरून सहावर आणायचं. हा बदल फक्त रविवारी सकाळी, ताईसमोर. रात्री अकराला पेंगत केलेली दुरुस्ती बाद.

खाली तारीख, सही, मुदत संपण्याची तारीख. पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचं, पाहुण्यांना दिसायला नको.