शाळेचा कचरा प्रकल्प: जुलैपर्यंतची प्रगती

मंडळी, आठवीच्या मुलांनी घरोघरचा कचरा आठवडाभर मोजून झाला. पुण्यातली शाळा, बहुतेक घरं सोसायट्यांमधली. ओला, सुका, सॅनिटरी आणि ई-कचरा असे तक्त्याचे चार रकाने होते आणि वजनाला सामानाच्या बॅगा तोलतात तो छोटा डिजिटल ताणकाटा.

एका घराचा तक्ता सांगतो. माणसं चार. सात दिवसांत ओला 6.3 किलो, सुका 1.1 किलो, सॅनिटरी 400 ग्रॅम. म्हणजे ओला कचरा रोज सुमारे 900 ग्रॅम. आंब्याचा हंगाम सरला होता, नाहीतर कोयी आणि सालींनी हा आकडा बराच चढला असता. त्यामुळे एका आठवड्यावरून वर्षाचा हिशेब मांडायचा नाही, हे मुलांना आधीच सांगितलं.

ओल्या कचऱ्याच्या वजनात पाणी फार असतं. चहाचा चोथा गाळणीतून तसाच बादलीत टाकला तर एक वजन, दाबून पिळला तर वेगळंच. म्हणून सगळ्यांनी बादलीत टाकण्याआधी निथळून घ्यायचं ठरवलं. सुक्यात हाच घोळ दुधाच्या पिशव्यांचा. धुतलेल्या पिशवीला पाणी चिकटून राहतं आणि पिशवीचं स्वतःचं वजन जेमतेम काही ग्रॅम, म्हणून त्या दोरीवर वाळवून मगच तोलायच्या. सुका रोज तोलण्यातही अर्थ नाही, इतक्या हलक्या वजनाला तो काटा भरवशाचा नाही. आठवड्याचा एकदम तोलावा. शिवाय सुका कमी दिसतो, कारण रद्दी कचऱ्यात जातच नाही, ती रद्दीवाल्याकडे जाते. तिचा रकाना पुढच्या वेळी वेगळा ठेवणार आहे.

खरी गोष्ट चौथ्या रकान्याची. जवळजवळ प्रत्येक तक्त्यात तिथे शून्य होतं. मुलांना वाटलं, आपल्याकडे ई-कचरा नाही. पण ओला कचरा रोज निघतो आणि रोज जातो. ई-कचरा वर्षानुवर्षं घरातच साठतो. तो आठवड्याच्या बादलीत सापडणार कसा? मग मोजण्याची पद्धतच बदलली: घरातले खण, माळा आणि टीव्हीखालचं कपाट उघडायचं आणि बंद पडलेल्या वस्तूंची यादी करायची. त्याच घरातून दोन मोबाइल, पाच चार्जर, तीन रिमोट, दोन सीएफएल आणि एक फुगलेली पॉवर बँक निघाली.

यादी झाली तरी सगळं शाळेत आणायचं नाही, यावर मी ठाम होतो. फुगलेली लिथियम बॅटरी दप्तरात दाबली गेली किंवा तिला भोक पडलं तर पेट घेऊ शकते. ती पालकांनीच आणली. आम्ही कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, इमारतीबाहेर सावलीत ठेवली. रिमोटमधले सेल काढून त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावली. सीएफएलमध्ये थोडा पारा असतो, म्हणून त्या कागदात गुंडाळून वेगळ्या खोक्यात. फुटलीच तर खिडक्या उघडून बाहेर पडायचं. थोड्या वेळाने तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करायचे, झाडू फिरवायचा नाही. उघडून आत बघायचा मोह मुलांना होतोच, पण स्क्रू ड्रायव्हर कुणाच्या हाती दिला नाही. मोबाइलमधून सिम आणि मेमरी कार्ड तेवढं काढून घेतलं. सगळा माल अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जाईल आणि त्याची पावती घेऊ. भंगारात गेलेल्या वायरी तांब्यासाठी अनेकदा उघड्यावर जाळल्या जातात, आणि तो धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जातो.

आता खताचा हौद. मध्यान्ह भोजनाचं उरलंसुरलं आणि भाजीची देठं त्यात जातात. एक बादली ओल्याला दोन बादल्या वाळलेला पाला, हे प्रमाण आम्ही धरलं. पाला फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत पोत्यांत भरून ठेवला होता; पावसाळ्यात कोरडा पाला मिळत नाही, हे ज्यांनी खत केलंय त्यांना ठाऊक आहे. देठं घातली की ढीग छान तापतो, मध्यभागी 55 अंशांपर्यंत गेला. हौद लहान असल्याने उष्णता फार दिवस टिकत नाही. त्रास खिचडीचा. शिजलेल्या भाताचे गोळे होतात, आत हवा जात नाही आणि आंबूस वास सुटतो. मुलं आता वासावरूनच ओळखतात: आंबूस आला तर हवा कमी, गोळे फोडून पाला मिसळायचा, नाकात झोंबणारा अमोनियाचा आला तर नायट्रोजन जास्त, पाला वाढवायचा. ओलावा बघायला मूठभर माल घट्ट पिळायचा: एखाद-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर फार ओला. सध्या पावसाने धारच लागतेय, म्हणून हौदावर पत्रा टाकलाय आणि तळाचा पाझर बादलीत धरतोय.

पुढचा टप्पा: ऑगस्टमध्ये त्याच घरांत पुन्हा सात दिवस मोजणी, रद्दीच्या रकान्यासह. तुमच्यापैकी कुणी शिजलेलं अन्न पावसाळ्यात लहान हौदात नीट जिरवत असेल, तर पाल्याऐवजी काय वापरता ते जरूर कळवा. आमची पोती गणपतीपर्यंत पुरतील असं वाटत नाही.