दोन फोन, एकच टॉस

आयपीएलच्या दिवसांत आमच्या सायबर कक्षात ‘फिक्स मॅच’च्या टिपा विकून फसवल्याच्या तक्रारी येतातच. बहुतेकदा माणूस एकटा येतो, खाली मान घालून बोलतो आणि निम्मं लपवतो. कारण त्याने स्वतःही सट्टा लावलेला असतो. त्या दिवशी मात्र बाकावर दोघे शेजारी बसले होते. एक मिरकरवाड्याचा, मासेमारी होडीवरचा तांडेल, दुसरा चिपळूणचा कॉलेजातला मुलगा. ओळखदेख काही नाही. मी तांडेलकाकांचं लिहून घेत होतो आणि त्यांनी ग्रुपच्या ॲडमिनचं नाव सांगितलं, तसा तो मुलगा उठून उभा राहिला. “साहेब, माझा पण हाच आहे!”

मी दोघांचे फोन टेबलावर शेजारी ठेवायला सांगितले. एकच नाव, सिंहाचा एकच फोटो, मॅचही तीच. काकांना संध्याकाळी सव्वासहाला आलेला मेसेज होता : ‘आज टॉस मुंबई, वरून पक्का रिपोर्ट.’ मुलाला त्याच सुमारास आलेला : ‘आज टॉस चेन्नई, वरून पक्का रिपोर्ट.’ काका दोन्ही मेसेज आळीपाळीने वाचत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे ह्याला कायच माहीत नव्हता?”

नव्हतंच, आणि माहीत असायची गरजही नसते. टॉसचे निकाल दोनच. समजा, सुरुवातीला 3,200 लोकांना फुकट टिप गेली, अर्ध्यांना एक संघ, अर्ध्यांना दुसरा. ज्या 1,600 जणांची टिप चुकली, त्यांना पुन्हा मेसेज जातच नाही. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. पाच मॅचनंतर 100 लोक असे उरतात, ज्यांनी सलग पाच टिपा ‘पास’ झालेल्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यात. बाकीचे 3,100 त्यांना दिसत नाहीत, म्हणून ते ॲडमिनला देव मानतात. काका त्या शंभरांतलेच. “पाच वेळा खरं निघालं साहेब, खोटं कसं म्हणू?” हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

ही विभागणी चालते ती खासगी मेसेजवर किंवा वेगवेगळ्या ‘व्हीआयपी’ ग्रुपांवर. टेलिग्रामच्या उघड चॅनेलवर सगळ्यांना एकच पोस्ट दिसते, तिथे तऱ्हा वेगळी. मुलगा म्हणाला, “पण चॅनेलवरची पोस्ट तर टॉसच्या आधीची आहे, वेळ बघा, 6:40.” संध्याकाळच्या मॅचचा टॉस सातला होतो, तेव्हा वेळ बरोबर होती. मी त्या वेळेच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं `edited` दाखवलं. पोस्ट नंतर बदलली तरी वर वेळ पहिलीच राहते. याहून पक्के असतात ते दोन्ही संघांच्या दोन पोस्ट टाकतात आणि टॉसनंतर चुकलेली उडवतात. तिचा चॅनेलवर मागमूस राहत नाही. पडताळायचंच असेल तर पोस्ट आल्या आल्या स्वतःलाच फॉरवर्ड करून ठेवावी. मूळ बदललं, पुसलं तरी ती प्रत तशीच राहते. शिवाय या ॲडमिनच्या चॅनेलवर सदस्यांना लिहायची सोय बंद होती. चुकलं म्हणणारा कुणी दिसणार कसा?

पैशांचा भाग ठरावीक असतो. काकांनी आधी 2,000 ‘मेंबरशिप’ भरली, मग ‘जॅकपॉट मॅच’चे 10,000. ती मॅच गेली. ॲडमिनने माफीबिफी मागितली, वर दिलासा दिला : 15,000 भरा, ‘लॉस कव्हर’मध्ये उद्या सगळं परत. मी नेहमी इथेच थांबून विचारतो, पैसे कुणाच्या नावावर गेले? काकांनी यूपीआय उघडलं. तीन वेळा तीन नावं, एकही ॲडमिनचं नाही. ही भाड्याने घेतलेली खाती असतात, पैसे आले की तासाभरात पुढे सरकतात. खऱ्या धंदेवाल्याचं खातं दर आठवड्याला बदलत नाही. आणि मॅच खरंच फिक्स असेल, तर ज्याला ते ठाऊक आहे तो गुपचूप स्वतः लावेल. दोन हजारांसाठी अनोळखी माणसांना वाटत फिरेल कशाला?

आम्ही लिहीत असतानाच काकांच्या फोनवर मेसेज आला : ‘सर, आज शेवटचा चान्स, 20,000.’ मुलगा हसला, काका नाही हसले. मी उत्तर द्यायला आणि ग्रुप सोडायला मनाई केली, कारण आम्हाला ते चॅट, यूपीआय आयडी आणि व्यवहार क्रमांक जसेच्या तसे हवे होते.

1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. 15,000 आदल्या रात्रीच गेले होते, म्हणून त्यातले 11,400 पुढच्या खात्यात अडकवता आले. ते सुटून काकांपर्यंत यायला अजून कागदपत्रं लागतील. आधीचे 12,000 एटीएममधून केव्हाच निघून गेले होते. मुलाचे पैसे महिन्यापूर्वीचे, त्यातलं काही हाती लागलं नाही. त्याने मात्र आणखी एक काम केलं : त्याच ॲडमिनच्या मेसेजचे चार मित्रांकडचे स्क्रीनशॉट मिळवून दिले. त्यातले दोन मुंबईचे होते, दोन चेन्नईचे. तपासाच्या फाइलमध्ये तेच सगळ्यात वर लावलेत.