अकरा नंबरचा चॅनल

पावसाळ्याचे चार महिने आमचं सगळं साउंडचं सामान खाडीजवळच्या खोलीत पडून असतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पूजेसाठी ते बाहेर काढतो आणि एकदा वाजवून बघतो. त्या दिवशी सोळा चॅनलचा मिक्सर लावला. भाचा एकेका चॅनलला माइक लावून "हॅलो, हॅलो" करत गेला आणि शेवटी म्हणाला, "मामा, सहा मेले."

तीन, पाच, सहा, आठ, अकरा आणि चौदा. कार्तिकी एकादशीनंतर पहिल्याच जत्रेला भजनाच्या डबलबारीची सुपारी घेतलेली होती. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर असतात आणि आळीपाळीने गातात, पण दोन्ही बाजूंचे माइक रात्रभर उघडेच लागतात. बुवा, पेटी, पखवाज, तबला, झांज आणि कोरसचे दोन, म्हणजे एका बाजूला सात. दोन्ही मिळून चौदा. माझ्याकडे चालू होते दहा.

मागच्या वर्षी असाच एक मिक्सर दुरुस्तीला दिला होता. फोनवर "तीन-साडेतीन हजार होतील, आठवड्यात देतो" असं ठरलं. मिळाला पाच आठवड्यांनी, बिल सात हजारांचं, आणि बदललेले पार्ट मागितले तर ते कचऱ्यात गेलेले. भांडायला माझ्या हातात कागद काय होता? काहीच नव्हतं. म्हणून या वेळी दुसऱ्या दुकानाला, कोल्हापुरातल्या, लेटरहेडवर रीतसर पत्र लिहायचं ठरवलं: आधी लेखी अंदाजपत्रक द्या, किती दिवस लागतील ते लिहून द्या, मग मिक्सर पाठवतो.

पत्र सुरू केलं आणि पहिल्याच वाक्याला अडलो. "सहा चॅनल बंद आहेत." यावर तो माणूस अंदाज करणार कसा? चॅनल बंद म्हणजे माइक लावायच्या सॉकेटपासून आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या फेडरपर्यंत कुठेही तुटलेलं असू शकतं. एक बटण खराब असेल किंवा आतला आयसी गेला असेल. दोन्हीला मी "बंद"च म्हणणार आणि तो सगळ्यात महागडं धरून आकडा सांगणार. पेन ठेवलं आणि परत मिक्सरकडे गेलो.

आधी चालू चॅनलची केबल आणि माइक तेच ठेवून या सहांना लावले, म्हणजे केबलवर शंका नको. मग प्रत्येकाचं पीएफएल दाबून हेडफोनमध्ये ऐकलं. आमच्या मिक्सरमध्ये पीएफएल फेडरच्या आधीचा आवाज ऐकवतं. चौदा नंबर हेडफोनमध्ये छान बोलत होता, फक्त स्पीकरला जात नव्हता. म्हणजे माइकपासून फेडरच्या आधीपर्यंत सगळं ठीक, बिघाड फेडरमध्ये किंवा त्याच्या पुढे. सहा नंबर माइकवर मुका, पण त्याच्याच लाइन सॉकेटला मोबाइल जोडला तर गाणं वाजलं. म्हणजे माइकचा आवाज मोठा करणारा पहिला टप्पाच गेलेला, नाहीतर सॉकेट. अकरा नंबरची तऱ्हा वेगळी. तो बंद होता, मिक्सरवर बोटाने टकटक केली की खरखर करून बोलायचा आणि मिनिटभराने पुन्हा गप्प.

राहिले तीन, पाच आणि आठ. हे पीएफएललाही मुके आणि लाइनवरही मुके. हेच खरे मेलेले, असं मी धरून चाललो होतो.

मग इन्सर्टची आठवण झाली. प्रत्येक चॅनलच्या मागे इन्सर्टचं एक भोक असतं, कॉम्प्रेसरसारखं आवाज आवरणारं बाहेरचं यंत्र मध्ये घालायला. आवाज तिथून बाहेर जाऊन परत आत येतो. त्यात काही लावलेलं नसेल तेव्हा जॅकच्या आतली एक पातळ पत्री दोन्ही वाटा जोडून ठेवते. आम्ही इन्सर्ट कधीच वापरत नाही, त्यामुळे त्या पत्रीला वर्षानुवर्षं कुणी हलवलेलं नाही. वर आमची खारी हवा. मी तर मिक्सर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला होता, ओल आत येऊ नये म्हणून. आत होती ती ओल बाहेर कशी जाणार, हे डोक्यात आलंच नाही.

एका स्टिरिओ प्लगमध्ये टोक आणि मधली रिंग तारेने डाखून जोडली आणि तो प्लग तीन नंबरच्या इन्सर्टमध्ये घातला.

"मामा, तीन नंबर बोलूक लागलो!"

पाच आणि आठही बोलले. मिक्सर बंद करून तिन्ही जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, साधा प्लग वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर केला आणि थोडा वेळ सुकू दिला. प्लगच्या टोकाला हिरवट काळा मळ आला होता. मग तो तार जोडलेला प्लग न लावताही तिन्ही चालले. मागच्या वर्षीच्या सात हजारांत असले किती चॅनल होते कोण जाणे.

आता पत्र लिहायला सोपं झालं. मेक, मॉडेल, सिरियल नंबर. मग सहा, अकरा आणि चौदा, प्रत्येकाचं काय होतं आणि मी काय करून बघितलं ते दोन-दोन ओळींत. तीन, पाच, आठ मी साफ केलेत हेही लिहिलं, कारण आत द्रव मारलाय हे दुरुस्त करणाऱ्याला कळायला हवं. त्याखाली माझी मागणी अशी होती:

"तपासणीचे शुल्क किती, आणि ते बिलात वळते होईल का, ते कळवावे. प्रत्येक चॅनलचा पार्ट व मजुरी वेगवेगळी लिहावी. एकूण खर्च पाच हजारांवर जाणार असेल तर काम थांबवून आधी लेखी विचारावे. दिवस मिक्सर पोचल्यापासून मोजणार की पार्ट आल्यापासून, ते स्पष्ट करावे. बदललेले पार्ट परत द्यावेत. एकादशीच्या आठ दिवस आधी मिक्सर हातात येणार नसेल तर आत्ताच तसे कळवावे, राग नाही."

पत्राचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी दुकानदारांचा फोन आला. म्हणाले, "साउंडवाल्याचं असलं पत्र पहिल्यांदाच बघतोय. पण अकरा नंबरचं मी लिहून देणार नाही." मला वाटलं, झालं सुरू. पण त्यांचं म्हणणं रास्त होतं. हलवल्यावर चालू-बंद होणारा बिघाड त्यांच्या टेबलावर दिसलाच नाही तर शोधणार काय आणि आकडा कसला देणार? फार तर संशय येईल ते डाख नव्याने मारता येतील, पण हमी नाही. मी म्हटलं, "हेच लिहून द्या."

त्यांनी तसंच लिहून दिलं. तपासणी पाचशे, बिलात वळते. सहा नंबरला आयसी आणि मजुरी मिळून बाराशे. चौदाला फेडर, तो बाहेरून मागवायचा, म्हणून पार्ट आल्यापासून तीन दिवस. अकराला "दोष दिसल्यास डाख, रु. तीनशे, न दिसल्यास शून्य."

मिक्सर घाट चढून गेला आणि अठराव्या दिवशी परत आला. सोबत एका पाकिटात जुना फेडर, जुना आयसी आणि फेडरच्या सतराशेंसकट एकोणतीसशेचं बिल. अकराच्या पुढे शून्य आणि खाली हाताने लिहिलेलं: "चार तास चालू ठेवला, सतत बोलत होता."

अकरावर मी पट्टी लावली आणि तो मोकळाच ठेवला. चौदा माइक उरलेल्या पंधरांत बसत होते. जत्रेत पहाटे तीनच्या सुमारास भाच्याने सहज त्याचं पीएफएल दाबून बघितलं आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. खरखर करत होता.